‘कदाचित’ची जागा

‘फोलिक अ‍ॅसिडच्या सेवनामुळे काही स्त्रियांच्या बाळांत मज्जानलिकेच्या दोषांचा धोका काही प्रमाणात कमी होण्याची शक्यता असू शकते, असे काही अभ्यासांतून सुचवले जाते.’ गरोदर बायकांसाठीच्या पत्रकांत या साच्याची वाक्यं मला वारंवार दिसतात. खोटं त्यात काहीच नाही. पण वाचणारी म्हणते, ‘म्हणजे नक्की काही नाहीच ना!’ आणि गोळी राहून जाते.

असं वाक्य हातात आलं की मी प्रत्येक शंकेला विचारते, बाई, तू नेमकी कशाबद्दल आहेस?

‘काही अभ्यास’ म्हणजे कोणते? ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची मोठी चाचणी १९९१ साली प्रसिद्ध झाली. ७ देशांतली ३३ केंद्रं त्यात होती. गोळी कुणाला द्यायची हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं होतं, म्हणून फरक गोळीमुळेच पडला असं म्हणता येतं. तेव्हा ‘सुचवले जाते’ काढायचं. ‘काही स्त्रिया’ म्हणजे ज्यांच्या आधीच्या गर्भात हा दोष आढळला होता त्या. तसं सरळ लिहायचं. ‘काही प्रमाणात’ म्हणजे किती? फोलिक अ‍ॅसिड घेतलेल्या ५९३ जणींत ६ गर्भांत दोष आढळला, न घेतलेल्या ६०२ जणींत २१. इथे आकडाच बोलतो.

मग वाक्य असं होतं: ‘आधीच्या गर्भात मज्जानलिकेचा दोष आढळलेल्या स्त्रियांनी गर्भधारणेआधीपासून रोज ४ मिलिग्रॅम फोलिक अ‍ॅसिड घेतलं, तेव्हा तो दोष पुन्हा होण्याचं प्रमाण सुमारे ७२ टक्क्यांनी घटलं, पूर्ण टळलं मात्र नाही.’

शंका गेली नाही, ती आपल्या जागी बसली. ते शेवटचे चार शब्द गाळून कुणी ‘गोळी घ्या, बाळ निरोगी होईल’ असं लिहिलं, तर त्या ६ जणींशी ते खोटं बोलणं ठरेल. ‘आधीच्या गर्भात’ हे शब्द गाळले, तर दहापट मोठा डोस सगळ्याच बायका मागतील. इतरांना एरवी ०.४ मिलिग्रॅम सांगतात. आणि ‘गर्भधारणेआधीपासून’ तर हवंच. मज्जानलिका पहिल्या चार आठवड्यांतच मिटते, पुष्कळदा बाईला दिवस गेल्याचं कळण्याआधी.

अशाच पत्रकांत पुढे कधी ‘स्वमग्नतेचा धोकाही कमी होऊ शकतो’ असं असतं. तिथलं ‘शकतो’ मी हलवत नाही. तो निष्कर्ष मुख्यतः निरीक्षणांवर उभा आहे. स्वतःहून गोळी घेणाऱ्या बायका शिक्षणात, खाण्यापिण्यात इतरांहून वेगळ्या असू शकतात, फरक त्याचाही असेल.

माझी तक्रार इथेच आहे. सिद्ध झालेल्या गोष्टीला आणि नुसत्या अंदाजाला एकच ‘शकतो’ लावला, की कुठली गोळी चुकवायची नाही हे वाचणारीला कळायचं कसं?