तानपुरा बंद केल्यावर

जयपुरात मानसरोवरला आमच्या घरी पेटीशेजारीच विजेचा तानपुरा असतो. वेबर्नच्या नऊ वाद्यांच्या कॉन्सर्टोची (ओपस २४) स्वरमालिका मी पांढरी एकचा सा धरून पेटीवर वाजवली, ती तानपुरा लावून. ती बिघडलीच. प्रत्येक सूर साशी नातं सांगू लागला.

या मालिकेत बारा सूर एकेकदाच येतात आणि क्रम ठरलेला असतो. सुरुवात अशी: शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध रे. म्हणजे काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या मोजत एक पट्टी खाली, मग चार वर. पुढचे तीन सूर कोमल ग, प, तीव्र म: आधी चार वर, मग एक खाली. त्यानंतर कोमल ध, शुद्ध ग, शुद्ध म: चार खाली, एक वर. शेवटी सा, कोमल रे, शुद्ध ध: एक वर, चार खाली. पहिल्या तिकडीचंच प्रतिबिंब, तिचीच उलट चाल आणि प्रतिबिंबाची उलट चाल, एवढ्यावर बाकीच्या तिन्ही तिकड्या उभ्या राहिल्या, आणि एकही सूर दुसऱ्यांदा आला नाही. हे जुळवणं फार अवघड आहे. रचनेच्या आरंभी ओबो, बासरी, ट्रम्पेट, क्लॅरिनेट एकेक तिकडी घेतात, तेव्हा ते कानालाही कळतं.

अख्ख्या मालिकेचीही अशीच चार रूपं होतात. प्रत्येक रूप बाराही पट्ट्यांवरून सुरू केलं की ४८. सप्तक मात्र मोकळं. सूर मंद्रात घ्यायचा की तारात, हे रचनाकार ठरवतो.

आपल्याला क्रमबदल नवा नाही. देवगिरीला यादवांच्या दरबारी असलेल्या शार्ङ्गदेवांनी तेराव्या शतकात खंडमेरू मांडला; सात स्वरांचे ५०४० क्रम होतात. पण मेरुखंड गाणारा त्यातलं रागाला चालेल तेवढंच घेतो, आणि खाली षड्ज बोलतच असतो. शोनबर्गने १९२३च्या सुमारास नेमका हा आधारच काढून घेतला. वेबर्नच्या वरच्या मालिकेत सा आला तो दहावा, आणि त्याला काही मान नाही. म्हणूनच मालिकेत एखादा सूर फार लवकर परतला किंवा सप्तकात दुहेरी वाजला, की कान त्याला षड्ज मानू लागतो. इथेच पुष्कळ रचना फसतात.

वेबर्नचा हा मार्ग पुढे बुलेझने टोकाला नेला. १९५२च्या ‘स्ट्रक्चर्स’च्या पहिल्या भागात सुरांबरोबर लांबी, जोर आणि आघातही मालिकेनेच ठरतात. कागदावर सगळं काटेकोर, पण कानाला सूर विखुरल्यासारखे वाटतात. झेनाकिसने १९५५मध्ये हीच तक्रार केली होती, आणि मला ती पटते. एवढ्या गोष्टी एकदम बदलत असताना क्रम लक्षात राहात नाही. वेबर्नच्या तीन सुरांत तो राहतो, कारण आकार लहान आहे आणि पुन्हा पुन्हा भेटतो.

तरी काम करण्याची रीत बदलली ती बदललीच. पूर्वी धून आधी सुचे आणि तिचा विस्तार मागाहून होई. आता पहिला सूर लिहिण्याआधीच सुरांची आपापसातली नाती घडवून ठेवावी लागली. तानपुरा बंद करून मी मालिका पुन्हा वाजवली. कोमल रे आता कोमल वाटला नाही. तो साच्या पुढची पट्टी होता, इतकंच.