छत्तीस टक्क्यांची बातमी : एक चिकित्सा

सप्टेंबर २००४ मध्ये २००१ च्या जनगणनेची धर्मनिहाय आकडेवारी प्रसिद्ध झाली, तेव्हा मुस्लिम लोकसंख्या दहा वर्षांत ३६ टक्क्यांनी वाढली आणि वाढीचा वेगही चढता आहे, असा अर्थ वृत्तपत्रांतून काढला गेला. आकडेवारीने भरलेला उतारा कसा वाचू नये, याचा हा नमुना महाविद्यालयीन अध्यापनात आजही उपयोगी आहे.

या बातमीतील गणित चुकलेले नव्हते. १९९१ मध्ये मुस्लिमांची नोंदलेली संख्या १०.१६ कोटी होती व २००१ मध्ये १३.८२ कोटी. वाढ ३.६६ कोटी, म्हणजे ३६ टक्के. चूक पायात होती. १९९१ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये जनगणनाच झाली नव्हती. २००१ मध्ये ती झाली आणि तेथील सुमारे ६८ लाख मुस्लिम एकूण संख्येत आले. न मोजलेली माणसे ‘वाढलेली’ ठरली. २००१ च्या संख्येतून हे ६८ लाख वगळले तर १३.१४ कोटी उरतात आणि वाढ सुमारे २९ टक्के येते. एकूण मुस्लिमांत पाच टक्केही नसलेल्या गटाने वाढीचा दर जवळजवळ सात अंकांनी फुगवला, कारण हा गट अंशात होता, छेदात नव्हता.

आधीच्या दशकाचाही असाच प्रश्न होता. १९८१ मध्ये आसामात जनगणना झाली नव्हती. दोन्ही राज्ये सर्व वर्षांतून वगळली, तर मुस्लिमांचा वाढीचा दर सुमारे ३३ वरून २९ टक्क्यांवर उतरलेला दिसतो. म्हणजे बातमीतील निष्कर्ष नेमका उलटा होता. जनगणना कार्यालयाने काही दिवसांतच सुधारित दर पुढे केले. पण पहिला आकडा तोवर भाषणांत शिरला होता.

सरासरीच्या बाबतीतही हाच दोष आढळतो. बेज्जूर मंडळ २०१६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होते. त्या वर्षी जिल्ह्याचे चार भाग झाले व बेज्जूर कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेले. २०११ च्या जनगणनेनुसार जुन्या आदिलाबादची साक्षरता सुमारे ६१ टक्के होती. त्याच जनगणनेचे आकडे नव्या सीमांनुसार मांडले, तर नव्या आदिलाबादची साक्षरता ६३ टक्क्यांहून अधिक व आसिफाबादची सुमारे ५७ टक्के येते. एकही नवा माणूस साक्षर न होता ‘आदिलाबाद’ पुढे सरकले. शिवाय या सरासरीवरून एकट्या बेज्जूरची साक्षरता सांगता येत नाही.

तेव्हा उताऱ्यातील टक्केवारी हाती आली की विद्यार्थ्याने आधी मूळ संख्या मांडावी. नंतर दोन्ही वर्षी तोच प्रदेश व तीच माणसे मोजली होती का, हे तपासावे. या प्रश्नाचे उत्तर उताऱ्यात नसेल, तर ‘वाढ झाली’ हा पर्याय निवडण्यास आधार नाही.