दूरचित्रवाणी मालिकांतील सातत्यभंग : चुकीच्या दाव्याची पाठचिकित्सा

प्रस्तावना

लोकप्रिय मालिकांच्या समीक्षेत ‘सातत्यभंग’ हा शब्द आता रूढ झाला आहे. एकाच प्रसंगातील दोन शॉट्समध्ये पेल्यातील पाण्याची पातळी बदलते, पात्राच्या खांद्यावरची शाल नाहीशी होते, मध्ययुगीन वाटणाऱ्या सभागृहात आधुनिक वस्तू दिसते, अशा उणिवांना ही संज्ञा लावली जाते. या उणिवांच्या याद्या प्रेक्षक मोठ्या हौसेने करतात आणि पुढे अभ्यासकही निर्मितीतील निष्काळजीपणाचा पुरावा म्हणून त्या उद्धृत करतात. परंतु अशा यादीतील प्रत्येक नोंद हा मुळात एक दावा असतो आणि तो तपासल्याशिवाय त्यावर कोणताही निष्कर्ष उभा करता येत नाही. ही तपासणी कोठून सुरू करावी, एवढ्याच प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पाठ कोणता?

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. एखाद्या श्लोकातील विसंगती मूळ रचनेची की नंतरच्या लेखनिकाची, हे अनेक हस्तलिखिते शेजारी ठेवल्याशिवाय सांगता येत नाही, हे त्या कार्यामागील मूलभूत सूत्र होते. मालिकांच्या बाबतीत हेच सूत्र सहसा विसरले जाते. मालिका एकच असली तरी तिचे पाठ अनेक असतात. प्रथम प्रक्षेपण, पुनःप्रक्षेपण, डीव्हीडी, उच्च सुस्पष्टतेची नवी आवृत्ती आणि इंटरनेटवरून प्रसारित होणारी आवृत्ती यांत चित्र नेमके तेच असेल, याची खात्री नसते.

‘साइनफेल्ड’ या अमेरिकी मालिकेचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तिचा ‘द पॉटहोल’ हा भाग १९९७ मध्ये प्रथम प्रक्षेपित झाला. रस्त्यावरील खड्डा हा त्याच्या कथानकाचा एक आधार आहे. २०२१ मध्ये ही मालिका नेटफ्लिक्सवर रुंद पडद्याच्या आकारात आली, तेव्हा पात्रे खाली पाहत आहेत आणि ज्याकडे ती पाहतात तो खड्डा मात्र चित्रात नाही, असा प्रकार प्रेक्षकांच्या लक्षात आला. केवळ ही आवृत्ती पाहणाऱ्यास दिग्दर्शकाची दृश्यरचना सदोष वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुतः दोष दिग्दर्शकाचा नाही. मूळ मालिका ४:३ या प्रमाणाच्या चौकटीसाठी रचलेली होती. चित्राची रुंदी तीच ठेवून त्यातून १६:९ ची चौकट काढावयाची, तर उंचीचा एकचतुर्थांश भाग सोडून द्यावा लागतो. पायाशी असलेला खड्डा त्या छाटणीत गेला.

याच्या उलट प्रकार ‘फ्रेंड्स’ या मालिकेत आढळतो. ही मालिका ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाली होती आणि त्या काळी प्रेक्षकांना दिसणाऱ्या चौकटीच्या दोन्ही बाजूंना फिल्मवर आणखी काही चित्र शिल्लक होते. २०१२ मध्ये ब्लू-रेसाठी रुंद आवृत्ती सिद्ध करताना ही बाजूची जागा खुली झाली. त्यामुळे काही ठिकाणी मुख्य अभिनेत्रीच्या जागी बसलेली दुसरीच व्यक्ती कडेला दिसू लागली. समोरच्या कलाकाराचा शॉट घेताना त्याला नजर स्थिर ठेवता यावी म्हणून अशी बदली व्यक्ती बसविण्याची पद्धत आहे. मूळ चौकटीत ती येणारच नव्हती. तेव्हा ही उणीव खरी आहे, पण ती नव्या आवृत्तीची आहे. मूळ निर्मात्यांच्या नावावर ती नोंदविणे अन्यायाचे ठरेल.

खरी चूक आणि तिचे चुकीचे वर्णन

‘गेम ऑफ थ्रोन्स’मधील पेल्याचे प्रकरण वेगळ्या कारणाने तपासण्यासारखे आहे. ५ मे २०१९ रोजी आठव्या पर्वाचा चौथा भाग प्रक्षेपित झाला. विंटरफेलच्या मेजवानीच्या प्रसंगात डनेरिस या पात्रासमोरील मेजावर झाकण असलेला कागदी पेला दिसला. या दाव्याचे दोन भाग पाडावे लागतात. दृश्यात आधुनिक पेला आहे, हा पहिला भाग. एचबीओ या वाहिनीने चुकीची कबुली दिल्यामुळे तो निर्विवाद ठरतो. तो पेला एका प्रसिद्ध कॉफी कंपनीचा आहे, हा दुसरा भाग. वृत्तपत्रांतून हाच भाग सर्वाधिक गाजला, पण तो खरा नव्हता. तो चित्रीकरणस्थळी चहापान पुरविणाऱ्या व्यवस्थेतील साधा पेला होता. चूक खरी असूनही तिचे वर्णन खोटे असू शकते, हे यातून दिसते.

या प्रकरणाला पुढचाही एक पदर आहे. दोनच दिवसांत वाहिनीने आपल्या इंटरनेटवरील आवृत्तीतून तो पेला संगणकाच्या साहाय्याने पुसून टाकला. आज तो भाग तेथे पाहणाऱ्यास पेला दिसणार नाही आणि मूळ दावाच बनावट होता, असा उलट गैरसमज होऊ शकेल. म्हणून ‘आढळले नाही’ हे ‘नव्हते’ याचा पुरावा होत नाही. पहिल्या प्रक्षेपणाची प्रत, किंवा ती नसल्यास त्या दिवसांतील वृत्तान्त आणि वाहिनीचे निवेदन, यांचाच आधार घ्यावा लागतो.

चूक की निवड?

पाठ निश्चित झाल्यावर दुसरा प्रश्न उभा राहतो. दोन शॉट्समध्ये फरक खरोखर आहे, पण ती चूक आहे काय? एकच संवाद अनेकदा चित्रित होतो आणि संकलक त्यांतून निवड करतो. संकलक वॉल्टर मर्च यांनी ‘इन द ब्लिंक ऑफ ॲन आय’ या पुस्तकात कापणीच्या सहा निकषांना भार दिला आहे. त्यात भावनेला ५१ टक्के, तर अवकाशाच्या त्रिमितीय सातत्याला अवघे ४ टक्के स्थान आहे. अभिनय उत्तम साधलेला शॉट हातातील पेल्याच्या जागेसाठी सोडून द्यावयाचा नाही, हे तेथे धोरणच आहे. अशा फरकाला सातत्यभंग म्हणता येईल, निष्काळजीपणा मात्र म्हणता येणार नाही.

त्यातही आधी पाहावयाचे ते असे, की दोन शॉट्समधील काळ खरोखर सलग आहे काय. संवाद किंवा हालचाल एका शॉटमधून दुसऱ्यात अखंड चालू असेल, तर पेला मध्येच भरणे विसंगत ठरते. मध्ये तिसऱ्याच जागेचे दृश्य येऊन गेले असेल, तर कथेतील काही मिनिटे उलटली असण्यास वाव राहतो आणि दावा संशयास्पद होतो. हा वाव अमर्याद मात्र नाही. कथेत ज्याची खूणही नाही असे स्पष्टीकरण रचून प्रत्येक चूक झाकणे, ही चाहत्यांची सवय होय, समीक्षेची रीत नव्हे.

निष्कर्ष

सातत्यभंगाची नोंद करताना पर्व, भाग आणि मिनिट यांच्या जोडीला कोणती आवृत्ती, कोणत्या चौकटीत आणि कोणत्या तारखेला पाहिली, याचा उल्लेख आवश्यक ठरतो. इंटरनेटवरील पाठ गुपचूप बदलू शकतो. त्यामुळे मुद्रित ग्रंथाच्या पृष्ठांकाइतकेच महत्त्व येथे पाहण्याच्या तारखेला आहे. हा उल्लेख नसलेली नोंद खोटी ठरत नाही, परंतु तिच्या आधारे दिग्दर्शक, संकलक किंवा आवृत्तीकार यांपैकी कोणालाही जबाबदार धरता येत नाही.