शून्य आणि अनुपलब्ध : वाढीच्या तक्त्यांतील एक भेद

वाढीचा टक्का काढताना नव्या संख्येतून जुनी वजा करून बाकीस जुन्या संख्येने भागावयाचे असते. ही जुनी संख्याच नसेल तर काय करावे? भोकरदन तालुक्यातील धावडा हे गाव पूर्वी औरंगाबाद जिल्ह्यात मोडत असे. जालना जिल्हा 1 मे 1981 रोजी निर्माण झाला. म्हणून 1971 च्या रकान्यात जालन्यापुढे शून्य मांडणे असत्य होय. माणसे होतीच, परभणीतून आलेल्या परतूरसह सर्व तालुक्यांची बेरीज केली म्हणजे तो आकडा पुन्हा उभा राहतो.

जनगणनेच्या भाषावाढीच्या तक्त्यात प्रसंग याहून कठीण आहे. तमिळनाडूतील 1981 ची नोंदपत्रके पुरात नष्ट झाली, म्हणून तमिळपुढे 'अनुपलब्ध' असे लिहिले आहे. हे योग्यच, परंतु त्या एका रिकाम्या घरामुळे मागचा व पुढचा असे दोन्ही दशकांचे टक्के बुडतात. 1971 चे 3,76,90,106 भाषक 1991 मध्ये 5,30,06,368 झाले. ही वाढ 40.64 टक्के खरी, पण वीस वर्षांची. मराठीच्या दशकीय टक्क्याशेजारी ती ठेवता येत नाही. तिचे निम्मे करणेही चूक, कारण वाढीवर वाढ चढते. दशकाचा सरासरी दर 18.59 ठरतो, 20.32 नव्हे.

पूर्वसंख्या खरोखरच शून्य असेल, तर टक्क्यास अर्थच उरत नाही. तेथे केवळ प्रत्यक्ष फरक द्यावा आणि टक्क्याच्या घरात आडवी रेघ ओढावी.