‘मिआइ’चा एक प्रसंग

मराठीत ‘मुलगी पाहणे’ व ‘मुलगी दाखविणे’ असे दोन प्रयोग रूढ आहेत. दोहोंतही मुलगी हे कर्म आहे. पाहणारा व दाखविणारा दुसराच कोणी. जपानी भाषेत याच प्रसंगास ‘मिआइ’ म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ ‘एकमेकांस पाहणे’ असा आहे. जुनइचिरो तानिझाकी यांच्या ‘सासामेयुकी’ या कादंबरीतील विनोद व कारुण्य या परस्परतेतूनच उगवते. ही कादंबरी १९४३ साली क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. लष्करी अधिकाऱ्यांनी ती थांबविली, आणि युद्धानंतर १९४८ मध्ये ती पूर्ण झाली.

ओसाकातील माकिओका या ओहोटीस लागलेल्या घराण्यातील तिसरी बहीण युकिको हिने तिशी गाठली आहे. तिच्यासाठी आलेल्या स्थळांपैकी नोमुरा या प्रौढ विधुराचा प्रसंग विशेष चिंतनीय आहे. त्याची पत्नी व मुले निवर्तली आहेत. सावत्र मुलांचा पाश नाही, ही मध्यस्थांच्या दृष्टीने स्थळाची जमेची बाजू होय. दुसरी बहीण साचिको गर्भपातातून अद्याप पुरती सावरलेली नाही. तरीही ती येते, कारण भेट पुनःपुन्हा लांबणीवर टाकणे शिष्टाचारास धरून नाही. एकीकडे भोजनाचा थाट आणि दुसरीकडे चारचौघांत बोलता न येणारे तिचे शारीरिक दुःख, असा हा अवघडलेला विनोद आहे.

भोजनानंतर नोमुरा पाहुण्यांस आग्रहाने स्वतःच्या घरी नेतो. तेथे देवघरात दिवंगत पत्नीची व मुलांची छायाचित्रे मांडलेली आहेत, आणि तीही तो दाखवितो. दोन कुटुंबांच्या भेटीत वरपक्षाचे कुटुंब अखेर असे छायाचित्रांतून उपस्थित होते. आपले घर निष्कपटपणे उघडे करावे, एवढाच त्याचा हेतू असू शकेल. परंतु ज्या वस्तूमुळे स्थळ सोयीचे ठरले, तीच येथे जिवंत होऊन समोर येते. जी जागा रिकामी म्हणून सांगितली गेली, ती रिकामी नाही. स्त्रीचे मन न जाणणारा हा मनुष्य आहे, असे युकिकोस वाटते. एरवी मौनाआड राहणारी युकिको या वेळी आपली नापसंती बहिणीजवळ स्पष्ट करते.

प्रसंगाची मर्यादाही ध्यानी घेतली पाहिजे. निवेदन साचिकोच्या नजरेलगत चालते. नोमुराच्या मनात शिरत नाही. त्यामुळे त्याचा एकाकीपणा वाचकास अनुमानानेच जाणावा लागतो, आणि हसता हसता त्याच्यावर अन्याय होण्याचा संभव राहतो.

तथापि परस्परता ही दुधारी असते, याचे भान लेखकास आहे. पुढे सावाझाकी याच्या स्थळाकडून माकिओकांना प्रथमच नकार येतो. आजवर पारखणारे घराणे तेथे पारखले जाते. ‘एकमेकांस पाहणे’ या शब्दाचा उत्तरार्ध तेव्हा कोठे अर्थास येतो.