‘सिद्धराम म्हणे’ कशासाठी?

अनुवादमीमांसेच्या ज्या संक्षिप्त टिपा सध्या एम.ए.चे विद्यार्थी पाठ करतात, त्या वाचून चीड आली. विने-दार्बेल्ने यांच्या १९५८च्या सात पद्धती, नायडाची दोन प्रकारची समतुल्यता, व्हेनुटीची ‘आत्मसात करणे’ आणि ‘परकेपण राखणे’ ही जोडी, आणि प्रत्येकीपुढे एकेक उदाहरण. ही उदाहरणे सगळी इंग्रजीतून मराठीत उतरणारी. कुत्र्यामांजरांचा पाऊस मुसळधार झाला की समतुल्यतेचा धडा संपला! कन्नड, तेलुगू, उर्दू आणि मराठी एकाच गल्लीत बोलल्या जाणाऱ्या सोलापुरात हे चालते, म्हणून जास्त राग येतो.

अनुवादपद्धतींचा संक्षेप करायचा तर सोलापूरच्याच सिद्धरामेश्वरांच्या अंकितावर करावा. बाराव्या शतकातल्या या शिवशरणाच्या कन्नड वचनांवर ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ ही मुद्रा असते. ती तशीच ठेवली तर उसनवारी झाली. ‘हे शिवा’ म्हटले तर सामान्यीकरण, आणि ‘पांडुरंगा’ म्हटले तर रूपांतर. मुद्रा ठेवून तळटीप दिली तर स्पष्टीकरण. नामाचा अर्थच उलगडून ‘मोगऱ्यासारख्या शुभ्र देवा’ असे काही केले, तर ती ए. के. रामानुजन यांची वाट. १९७३च्या ‘स्पीकिंग ऑफ शिव’मध्ये त्यांनी अक्कमहादेवीचा चेन्नमल्लिकार्जुन आणि अल्लमप्रभूंचा गुहेश्वर या नावांचे इंग्रजीत अर्थ केले. तेजस्विनी निरंजना यांनी १९९२मध्ये ‘सायटिंग ट्रान्सलेशन’मधून त्यावर झोड उठवली आणि रामानुजनांनी केलेल्या अल्लमप्रभूंच्या एका वचनाच्या आपल्या अनुवादात गुहेश्वर हे नाव राखले. व्हेनुटीचे गाजलेले पुस्तक त्यानंतरचे, १९९५चे. टिपांत मात्र व्हेनुटीला पान मिळते आणि निरंजनांना ओळही मिळत नाही.

रामानुजनांची अडचण समजण्यासारखी आहे, कारण इंग्रजी वाचकाला ‘मल्लिका’ हे फूल ऐकूच येत नाही. मराठी कानाला ते येते. म्हणून मराठीत नामाचा अर्थ करणे म्हणजे आधीच उघडे असलेले दार पुन्हा ठोठावणे. इथला खरा धोका वेगळा आहे. आपण वचनाला अभंग करतो. वचन हे गद्याच्या लयीत बोलले जाते आणि त्याला यमकाची सक्ती नाही. त्याला अभंगाचे चरण आणि यमक बसवले की ते गोड होते, पण वारकरी होते. आणि अभंग झाला की शेवटी मुद्रा लागते, मग अनुवादकाच्या लेखणीतून ‘सिद्धराम म्हणे’ आपोआप उतरते.

घोटाळा नेमका इथे आहे. तुकोबांच्या मुद्रेत कवीचे नाव येते आणि क्रियापद ‘म्हणे’ असते. तिथे बोलणारा लोकांसमोर उभा असतो. वचनाच्या अंकितात कवी कुठेच नाही. तिथे इष्टदेवाचे नाव येते, बहुधा संबोधनात. म्हणजे वचनाचे तोंड देवाकडे आहे आणि आपण ऐकणारे बाजूला उभे आहोत. ‘सिद्धराम म्हणे’ लिहिताक्षणी ते तोंड आपल्याकडे वळते, तक्रारीचा उपदेश होतो, आणि एकही शब्द चुकलेला नसताना वचन हातचे जाते. सात पद्धतींपैकी कोणतीही हे सांगत नाही, कारण त्या शब्द आणि वाक्य मोजतात. कोण कोणाशी बोलतो आहे, हे त्या पाहत नाहीत.

दुसरी फसगत सारख्या दिसणाऱ्या शब्दांची. कन्नडमध्ये ‘प्रपंच’ म्हणजे जग. मराठीत तो घरसंसार. कन्नडमधला ‘अनुमान’ हा संशय आहे, तर्क नव्हे. ‘जंगम’ तर अधिकच अवघड: वचनात तो स्थावराच्या विरुद्ध, चालताबोलता ईश्वर, मराठी वाचकाला आधी जंगम समाज आठवतो, मग जंगम मालमत्ता. इथे उसनवारी सर्वांत स्वस्त दिसते आणि सर्वांत जास्त फसवते. शब्द तोच असल्यामुळे अनुवादकाला कोश उघडावासाच वाटत नाही. उलट ‘कायक’ आणि ‘दासोह’ हे शब्द अनोळखी वाटतात, म्हणून वाचक त्यांच्यापाशी थांबतो आणि बरोबर वाचतो. कायकाचे ‘श्रम’ केले की त्यातली पूजा जाते, दासोहाचे ‘अन्नदान’ केले की दाता वर चढतो आणि ‘दासो’मधला सेवक नाहीसा होतो.

 

‘अंकित आणि मूळ शब्द तसेच ठेवले तर मराठी वाचक दूर जाईल’ असा आक्षेप येतो. मला तो मान्य नाही. व्हेनुटीचा परकेपणाचा आग्रह इंग्रजीच्या वर्चस्वाविरुद्ध होता. मराठी-कन्नडमध्ये परके असे फार थोडे आहे. जिथे वेगळेपण आहे तिथे ते नेमके ठेवा: यमक नको, अंकित तसेच, कायक-दासोह तसेच, आणि प्रपंच, अनुमान, जंगम या ओळखीच्या शब्दांखाली टीप द्या. अनोळखी शब्दाला टीप आणि ओळखीच्याला मोकळीक हा आजचा रिवाज उलटा करा. आणि जो अनुवादक ‘सिद्धराम म्हणे’ लिहील, त्याला परीक्षकांनी पहिल्याच ओळीला अडवून विचारावे, की मूळ कन्नडमध्ये हे क्रियापद कुठे आहे?