हर्ड इम्युनिटीचा आकडा नेमका कुणाचा?

आरोग्याच्या बातम्यांत ‘हर्ड इम्युनिटी’ हा शब्द आला की पाठोपाठ ६० किंवा ७० टक्के हा आकडा येतोच. बातमी गोवराची असली तरी तोच. जणू काही सगळ्या आजारांनी मिळून एकच पासिंग मार्क ठरवलेत! माझी तक्रार या आकड्याबद्दल आहे.

आकडा येतो कुठून ते आधी बघू. कुणालाच प्रतिकारशक्ती नसलेल्या वस्तीत एक रुग्ण सरासरी किती जणांना आजार देतो, त्या संख्येला आर-नॉट म्हणतात. सुरुवातीच्या कोविडसाठी ती साधारण ३ धरत. आता या तिघांपैकी दोघे आधीच सुरक्षित असतील, तर एका रुग्णामागे एकच नवा रुग्ण होईल आणि साथ वाढणार नाही. तीनात दोन म्हणजे ६७ टक्के. गोवराचा एक रुग्ण १२ ते १८ जणांना आजार देतो. आपण १५ धरू. त्यातले १४ सुरक्षित हवेत, म्हणजे ९३ टक्के. सूत्र एवढंच:

1 - 1/R0

म्हणजे ७० टक्के हा कोविडच्या पहिल्या अवताराचा आकडा होता, आणि तोही सगळे लोक एकमेकांत सारखेच मिसळतात असं गृहीत धरून.

हे गृहीतक किती लंगडं आहे ते मुंबईत दिसलं. जुलै २०२० मध्ये महापालिका, नीती आयोग आणि टीआयएफआर यांनी तीन वॉर्डांत रक्ताच्या चाचण्या केल्या. झोपडपट्ट्यांत सुमारे ५७ टक्के लोकांत अँटिबॉडी सापडल्या, बाकी इमारतींत १६ टक्के. तेव्हाच्या बऱ्याच बातम्यांनी ५७ उचलला आणि मुंबई हर्ड इम्युनिटीच्या उंबरठ्यावर आली असा सूर लावला. १६ कुठे गेला? शिवाय त्या महिन्यांत लोक मास्क लावत होते, लोकल सामान्य प्रवाशांसाठी बंद होती. रुग्ण कमी होण्यात त्याचाही वाटा होता. पुढे २०२१ मध्ये दुसरी लाट आली. त्यात पसरलेल्या डेल्टाचा आर-नॉट ५-६ च्या आसपास होता, म्हणजे उंबरठाच ८० च्या वर सरकला. त्यात कोविडची प्रतिकारशक्ती काळानुसार उतरते, त्यामुळे गाठलेला आकडाही टिकत नाही.

गोवराच्या बातम्यांत घोळ वेगळा असतो. तिथे ‘९० टक्के लसीकरण’ म्हणजे ९० टक्के मुलं सुरक्षित, असं सरळ धरलं जातं. पण नवव्या महिन्यात दिलेल्या पहिल्या डोसने साधारण ८५ टक्के मुलांनाच संरक्षण मिळतं, कारण आईकडून आलेल्या अँटिबॉडी काही बाळांत लसीच्या आड येतात. ९० चे ८५ टक्के म्हणजे साधारण ७६. आपल्या १५ जणांच्या हिशोबात तीन-चार मुलं उघडी राहिली, म्हणजे एका रुग्णामागे तीन-चार नवे रुग्ण. अगदी १०० टक्के मुलांना पहिला डोस दिला तरी ९३ गाठता येत नाही! म्हणून १६ ते २४ महिन्यांतला दुसरा डोस आहे. तो ‘बूस्टर’ असल्याचं बरेच जण लिहितात. खरं तर पहिल्या डोसने जी मुलं सुटली त्यांना पकडायला तो असतो. दोन्ही डोस ९५ टक्के मुलांना मिळाले, तर आपण कसेबसे काठावर पोचतो.

आणि तेही सरासरीत. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवर पेटला तो गोवंडीच्या दाट वस्त्यांत. राज्यात मालेगाव आणि भिवंडीतही तसंच झालं. लस न मिळालेली मुलं गावभर विखुरलेली नसतात, ती एका ठिकाणी जमलेली असतात.

आमच्या जालन्यात मला हाच मुद्दा महत्त्वाचा वाटतो. अंबड, घनसावंगी, मंठा इकडची कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात ती उन्हाळ्यातच परततात. नववा महिना त्या काळात भरला तर बाळ असतं फडावर आणि नोंद असते गावच्या आशाताईंच्या वहीत. डोस राहिलेली अशी दहा-बारा बाळं एकाच कोप्यांच्या रांगेत असली, की जिल्ह्याचा टक्का त्यांच्या काही उपयोगाचा नाही. त्यामुळे ‘जिल्ह्यात इतके टक्के लसीकरण’ असं छापताना बातमीदाराने तीन गोष्टी विचाराव्यात: आकडा पहिल्या डोसचा की दुसऱ्या, सर्वात कमी टक्का कोणत्या उपकेंद्राचा, आणि बाहेरगावी गेलेली मुलं मोजली की वगळली.

जाता जाता धनुर्वाताचं सांगतो, कारण त्यालाही हर्ड इम्युनिटी चिकटवलेली मी वाचली आहे. त्याचे जंतू मातीत असतात, माणसाकडून माणसाकडे जात नाहीत. सगळ्या गावाने टीटी घेतलं आणि तुम्ही नाही घेतलं, तर शेतात गंजका खिळा लागल्यावर तुमचा धोका आधी होता तेवढाच राहतो.